ए-टू-सी केबलमधला ५६ किलोओहमचा रेझिस्टर

नव्या फोनच्या खोक्यात हल्ली बहुधा फक्त केबल मिळते, तीही दोन्ही टोकांना टाइप-सी असलेली. जुन्या लॅपटॉपला आणि जुन्या चार्जरला मात्र रुंद, चपटं टाइप-ए सॉकेट असतं. इथे घ्यायची वस्तू म्हणजे एका टोकाला ए आणि दुसऱ्याला सी असलेली अखंड केबल. खोक्यातल्या केबलवर चढवायचं छोटं टोपण-अडॅप्टर स्वस्त पडतं, पण ते टाळावं. हे का, ते कळायला २०१४ साली घेतलेला एक निर्णय पाहावा लागतो.

त्याआधी वीज कोणी द्यायची आणि कोणी घ्यायची हे टोकाच्या आकारावरूनच ठरायचं. ए म्हणजे देणारा, मायक्रो-बी म्हणजे घेणारा. २००० सालच्या यूएसबी २.० पोर्टने ५ व्होल्टवर ५०० मिलिअँपिअर द्यायचे, २००८ च्या ३.० पोर्टने ९००. चार्जर मात्र याहून जास्त देऊ शकत होते. म्हणून २०१० च्या यूएसबी चार्जिंगच्या नियमात एक साधी खूण पक्की झाली: चार्जरच्या आत डेटाच्या दोन तारा एकमेकींना जोडलेल्या असतात, फोन ते ओळखतो आणि दीड अँपिअरपर्यंत ओढतो.

ऑगस्ट २०१४ मध्ये टाइप-सी आलं. दोन्ही टोकं सारखीच झाल्यामुळे आकार काहीच सांगेना. ते काम सीसी नावाच्या एका वेगळ्या तारेकडे गेलं. वीज देणारा या तारेला एका रेझिस्टरमधून वरच्या बाजूला ओढतो, घेणारा ५.१ किलोओहमने खाली ओढतो, आणि मध्ये जो व्होल्टेज पडतो तो फोन वाचतो. ५ व्होल्टशी जोडलेला रेझिस्टर ५६ किलोओहमचा असेल तर साधारण ०.४ व्होल्ट पडतो. अर्थ, ‘जुन्या पोर्टाइतकंच ओढ’. २२ किलोओहम असेल तर ०.९ च्या आसपास, म्हणजे दीड अँपिअर. १० किलोओहम असेल तर १.७ च्या आसपास, म्हणजे तीन अँपिअर.

घोळ इथे सुरू होतो. यूएसबी २.० च्या ए सॉकेटमध्ये चारच पट्ट्या असतात: वीज, जमीन आणि डेटाच्या दोन. ३.० मध्ये वाढलेल्या पट्ट्याही डेटासाठीच आहेत. सीसी कुठेच नाही. जुना लॅपटॉप किंवा चार्जर स्वतःची क्षमता या तारेवर सांगूच शकत नाही. तेव्हा त्याच्या वतीने केबलने बोलायचं असं ठरलं: सी प्लगच्या आत, पाच व्होल्टची तार आणि सीसी यांच्यामध्ये एक रेझिस्टर बसवायचा. पण केबलला तरी काय ठाऊक की पलीकडे अर्ध्या अँपिअरचा लॅपटॉप आहे की दोन अँपिअरचा चार्जर? म्हणून नियमाने सगळ्यात कमी क्षमता धरली आणि ए-टू-सी केबलमध्ये फक्त ५६ किलोओहमला परवानगी दिली. पलीकडे खरंच चार्जर असेल तर फोन डेटा तारांवरची जुनी खूण पाहून जास्त ओढेलच, असा हिशोब होता.

अनेक केबल-उत्पादकांनी तरीही १० किलोओहम बसवला. त्यामागचं कारण समजण्यासारखं आहे: अशा केबलने फोन पटकन चार्ज होतो आणि गिऱ्हाईक खूश होतं. पण ती केबल पोर्टच्या नावाने खोटं बोलत असते. फोन तीन अँपिअर मागतो आणि दोन अँपिअरचा चार्जर तापतो किंवा व्होल्टेज कोसळून बंद पडतो, पुन्हा सुरू होतो, पुन्हा पडतो. फोनवर चार्जिंगचं चिन्ह दर काही सेकंदांनी येत-जात राहिलं तर हा संशय घ्यावा. लॅपटॉपच्या पोर्टला संरक्षण असेल तर तो वीज तोडतो. नसेल तर पोर्ट जळू शकतो. २०१५ च्या अखेरीस या केबलींची जाहीर चाचणी सुरू झाली, आणि मार्च २०१६ मध्ये एका मोठ्या ऑनलाइन बाजारपेठेने नियमबाह्य टाइप-सी केबलींच्या विक्रीवर बंदी घातली. केबलमध्ये रेझिस्टर बसवण्याच्या २०१४ च्या निर्णयावर टीका झाली ती अशी, की सुरक्षिततेचा भार सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात कमी तपासल्या जाणाऱ्या वस्तूवर टाकला. टीका खरी आहे. पण आधीच वापरात असलेल्या असंख्य ए पोर्टांना नवी तार जोडणं शक्य नव्हतं. दुसरा मार्ग कोणी दाखवलेला नाही. चूक झाली ती एवढीच, की आत बसवलेला आकडा वेष्टनावर छापायची सक्ती केली नाही.

केबल तपासायची एक सोपी रीत आहे. अँड्रॉइड फोन लॅपटॉपच्या यूएसबी २.० पोर्टला त्याच केबलने जोडा, फोनवर यूएसबी डीबगिंग चालू करा आणि adb बसवलेल्या त्या लॅपटॉपच्या टर्मिनलमध्ये ही आज्ञा द्या:

```
adb shell dumpsys battery
```

उत्तरात `Max charging current` ही ओळ पाहा. आकडा मायक्रोअँपिअरमध्ये असतो. 500000 दिसला तर ठीक. 3000000 दिसला तर केबल खोटं बोलतेय, ती वापरू नका. फोन मुळात आज्ञेला सापडलाच नाही आणि चार्ज मात्र होतोय, तर केबलमध्ये डेटाच्या तारा नसण्याची शक्यता मोठी. अशी केबल चार्जरवरही रडतखडत चालते, कारण चार्जरची ती जुनी खूण याच तारांवरून वाचायची असते.

आता टोपण. एका बाजूला ए प्लग आणि दुसरीकडे सी सॉकेट असा अडॅप्टर टाइप-सीच्या नियमात बसतच नाही. त्याच्या सी सॉकेटमध्ये ए-टू-सी केबलचं सी टोक घातलं की दोन्हीकडे ए प्लग असलेली तार तयार होते, आणि तिने वीज देणारी दोन यंत्रं थेट एकमेकांना भिडतात. नियमाला दोनच अडॅप्टर मान्य आहेत: सी प्लग ते ए सॉकेट, ज्याने फोनला पेनड्राइव्ह लागतो, आणि सी प्लग ते मायक्रो-बी सॉकेट, ज्याने जुनी मायक्रो-बी केबल नव्या फोनला चालते. दुसऱ्यात तोच ५६ किलोओहमचा रेझिस्टर असतो. जुन्या केबली चांगल्या असतील तर हा अडॅप्टर घ्यायला हरकत नाही.

बरोबर केबल मिळाल्यावर किती वेगाची अपेक्षा ठेवायची? ५००० मिलिअँपिअर-तासांच्या बॅटरीत सुमारे १९ वॅट-तास मावतात. यूएसबी २.० पोर्ट अडीच वॅट देतो, म्हणजे गळती धरून नऊ-दहा तास. १० वॅटचा जुना चार्जर पूर्ण क्षमतेने चालला तर अडीच तासांच्या आसपास. फोनने दीड अँपिअरच घेतले तर सव्वातीन. फोनच्या माहितीपत्रकात २५ वॅट लिहिलेले असले तरी ते इथे मिळणार नाहीत. व्होल्टेज वाढवण्याची पॉवर डिलिव्हरीची बोलणी सीसी तारेवर होतात आणि ए टोकाकडे ती तारच नाही. काही फोन-उत्पादकांनी डेटा तारांवरून आपापली वेगळी बोली चालवली, पण ती समजणाऱ्या चार्जरबरोबरच चालते. पूर्ण वेग हवा असेल तर सी सॉकेटचा चार्जर घ्यावा आणि खोक्यातली सी-टू-सी केबल त्याला लावावी. ए-टू-सी लॅपटॉपजवळ राहू द्यावी.

युरोपात २८ डिसेंबर २०२४ पासून नव्या फोनला सी सॉकेट बंधनकारक झालं, आणि लॅपटॉपसाठी तीच तारीख २८ एप्रिल २०२६. जुन्या ए पोर्टांना मात्र हा नियम लागू नाही, त्यामुळे ५६ किलोओहमची केबल आणखी बरीच वर्षं लागेल.