गणित कळलं म्हणजे बोलणं कळलं?

"परग्रहवासी भेटले तरी भाषेची अडचण येणार नाही, गणित सगळ्यांचं सारखंच असतं."

अनुवादक म्हणून मला हे पटत नाही. १९७४ मध्ये अरेसिबो या रेडिओ दुर्बिणीतून १६७९ बिट्सचा, म्हणजे तेवढ्या शून्य-एकांचा, संदेश अंतराळात पाठवला गेला. १६७९ म्हणजे २३ गुणिले ७३, दोन मूळ संख्या. एवढं ते ओळखतीलही. पण त्या बिट्सच्या ७३ ओळी मांडल्या तरच चित्र उमटतं, २३ मांडल्या तर नुसता गोंधळ. आणि मुळात चित्रच मांडायचं, हे त्यांना कोण सांगणार? डोळेच नसले तर?

त्या चित्रात माणसाच्या आकृतीशेजारी १४ हा आकडा आहे. म्हणजे उंची, संदेशाच्या १२.६ सेंटिमीटर तरंगलांबीच्या १४ पट. ती उंची आहे, हे मात्र कुठेच लिहिलेलं नाही.