‘ऑब्झर्व्हेशनसाठी दाखल’: केस पेपरवरच्या एका ओळीची पार्श्वभूमी

नाशिकमध्ये पावसाळा सरता सरता डेंग्यूचे पेशंट वाढतात आणि मागोमाग मेडिक्लेम नाकारल्याची पत्रंही येऊ लागतात. पत्रातली भाषा ठरलेली असते. ‘दाखल होण्याची वैद्यकीय गरज दिसून येत नाही’, ‘ओपीडीत उपचार शक्य होते’, ‘ॲक्टिव्ह लाइन ऑफ ट्रीटमेंट आढळली नाही’. घरचे चिडतात, कारण माणूस आजारी होता हे त्यांनी डोळ्यांनी पाहिलेलं असतं. विमा कंपनीही बहुतेक वेळा ताप खोटा होता असं म्हणत नाही. तिचा प्रश्न असतो, या तापासाठी खाट कशाला लागली? त्याचं उत्तर ती इनडोअर केस पेपरात शोधते, आणि त्यातही दाखल करून घेताना लिहिलेल्या पहिल्या दोन-तीन ओळींत.

त्या ओळी इतक्या महत्त्वाच्या होतील असं त्या लिहिण्याची सवय पडली तेव्हा कुणाच्या मनातही नव्हतं. केस पेपर हा मुळात वॉर्डातला कागद. रात्रपाळीच्या डॉक्टरला सकाळचं कळावं, सिस्टरला कोणतं इंजेक्शन कधी द्यायचं ते दिसावं, एवढंच त्याचं काम. कॉलेज रोड, मुंबई नाका, सिडको, नाशिकरोड इथली बरीच नर्सिंग होम एका फिजिशियनच्या भोवती उभी राहिली. सर ओपीडीत पेशंट बघतात, चिठ्ठीवर ‘ॲडमिट’ लिहितात, वर आरएमओ, म्हणजे वॉर्ड सांभाळणारा निवासी डॉक्टर, केस पेपर भरतो. दाखल का केलं हे सरांच्या डोक्यात पक्कं असतं, म्हणून कागदावर ‘फिव्हर सिन्स फोर डेज, वीकनेस, ॲडमिट फॉर ऑब्झर्व्हेशन’ एवढं पुरतं. वाचणारा माणूस त्याच इमारतीत असेपर्यंत यात काही बिघडत नव्हतं.

बाहेरचा वाचक आला तो १९८६ साली. सरकारी सर्वसाधारण विमा कंपन्यांनी त्या वर्षी मेडिक्लेम पॉलिसी आणली. ती ओपीडीचा खर्च देत नव्हती. सर्वसाधारणपणे किमान २४ तास रुग्णालयात राहिलं तरच पैसे मिळत. सातपूर-अंबडच्या कारखान्यांत ग्रुप मेडिक्लेम रुजला तसं हे गणित कामगारांच्या घरोघरी पोचलं. एकच सलाईन ओपीडीत लावलं तर खिशातून, दाखल होऊन लावलं तर कंपनीकडून. याचा मोह पेशंटला झाला, काही रुग्णालयांनाही झाला. ‘डॉक्टर, एक दिवस ॲडमिट करा ना, क्लेम होऊन जाईल’ हे वाक्य न ऐकलेला फिजिशियन शहरात सापडणं कठीण. विमा कंपन्यांचा संशय हवेतून आलेला नाही, हे आधीच मान्य केलेलं बरं. अडचण अशी की हा संशय खऱ्या पेशंटलाही त्याच मापाने मोजतो.

दरम्यान कायद्याच्या बाजूने केस पेपर पेशंटच्याही हातात यायला लागला. १९९५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने वैद्यकीय सेवा ग्राहक संरक्षण कायद्याखाली आणली. पेशंटला त्याच्या कागदपत्रांच्या प्रती दिल्याच पाहिजेत, असं मुंबई उच्च न्यायालयाने १९९६ मध्ये सांगितलं. मग मेडिकल कौन्सिलच्या २००२ च्या आचारसंहितेने दोन गोष्टी नक्की केल्या: आंतररुग्णाचे कागद उपचार सुरू झाल्यापासून तीन वर्षं जपायचे आणि मागितल्यावर ७२ तासांत द्यायचे. याच आचारसंहितेला नोंदींचा एक नमुना जोडलेला आहे. त्यात नाव, वय, व्यवसाय, तपासणीचा सारांश, तात्पुरतं निदान, तपासण्या, पक्कं निदान, सल्ला असे रकाने आहेत. ‘दाखल का केलं’ असा रकाना मात्र नाही. निदान लिहिलं की दाखल करण्याचं कारण आपोआप कळतं, असं तेव्हा गृहीत धरलं गेलं असावं. आजचे बरेचसे वाद याच गृहीतकावर अडतात.

२००१ मध्ये टीपीएंसाठी, म्हणजे विमा कंपन्यांच्या वतीने क्लेम हाताळणाऱ्या संस्थांसाठी, नियम झाले आणि कॅशलेसचा जमाना सुरू झाला. आता केस पेपर वाचणारा डॉक्टर दुसऱ्या शहरात, स्क्रीनपुढे बसलेला. त्याने पेशंटला पाहिलेलं नाही, सरांना तो ओळखत नाही. २०१३ मध्ये विमा नियामकाने त्याच्या हातात मोजपट्टीही दिली. सगळ्या कंपन्यांसाठी व्याख्या एकसारख्या केल्या, त्यात ‘वैद्यकीयदृष्ट्या आवश्यक उपचार’ ही एक. थोडक्यात सांगायचं तर उपचार किंवा रुग्णालयातला मुक्काम त्या आजारासाठी लागणारा असावा, डॉक्टरने सांगितलेला असावा, मान्य वैद्यकीय पद्धतीला धरून असावा, आणि सुरक्षित व पुरेशा उपचारांसाठी जेवढी काळजी लागते तिच्यापेक्षा व्याप्तीने, मुदतीने किंवा तीव्रतेने जास्त नसावा. बहुतेक क्लेम या शेवटच्या अटीवर अडकतात. गोळी देऊन भागलं असतं तर सलाईन जास्त; घरी चाललं असतं तर खाट जास्त.

२०१९ मध्ये वगळण्याच्या कलमांचीही भाषा एक झाली. त्यातलं चौथं कलम म्हणतं की मुख्यतः तपासण्या आणि निदानासाठी दाखल झाल्यास खर्च मिळणार नाही. म्हणजे ‘ॲडमिट फॉर ऑब्झर्व्हेशन अँड इन्व्हेस्टिगेशन’ असं जुन्या सवयीने लिहिणारा आरएमओ नकळत त्या कलमाचीच भाषा बोलत असतो. कॅशलेसच्या फॉर्ममध्येही उपचारांच्या पर्यायांत मेडिकल, सर्जिकल, इंटेन्सिव्ह केअर यांच्या शेजारी ‘इन्व्हेस्टिगेशन’ची चौकट असते. घाईत तिच्यावर टिक झाली की खुलासा मागणारी टीपीएची क्वेरी आलीच म्हणून समजा.

डेंग्यूचंच एक नमुन्यादाखल उदाहरण घेऊ. अंबडच्या कारखान्यात काम करणारा ४६ वर्षांचा माणूस, मधुमेह आहे. तापाच्या दुसऱ्या दिवशी डेंग्यूची एनएस-१ चाचणी पॉझिटिव्ह, प्लेटलेट १,७०,०००, हिमॅटोक्रिट, म्हणजे रक्तातल्या तांबड्या पेशींचं टक्केवारीतलं प्रमाण, ३९. चौथ्या दिवशी ताप उतरतो, पण पोट दुखतं, सकाळपासून पाच उलट्या, ओआरएससुद्धा टिकत नाही. नाडी १०८, रक्तदाब १००/७०, प्लेटलेट ८४,०००, हिमॅटोक्रिट ४७. सर त्याला दाखल करतात आणि तो निर्णय अगदी बरोबर असतो. डेंग्यूत धोक्याचा काळ बहुधा ताप उतरतानाच सुरू होतो. रक्तवाहिन्यांतून द्रव झिरपतो, रक्त घट्ट होतं. हिमॅटोक्रिटची ३९ वरून ४७ ही उडी साधारण २० टक्क्यांची आहे आणि ती हेच सांगते.

आता आरएमओने लिहिलं, ‘डेंग्यू फिव्हर, थ्रॉम्बोसायटोपेनिया, वीकनेस, ॲडमिट फॉर ऑब्झर्व्हेशन’. थ्रॉम्बोसायटोपेनिया म्हणजे प्लेटलेट कमी होणं; यातला एकही शब्द खोटा नाही. पण टीपीएचा डॉक्टर काय पाहतो? ताप, नाडी आणि श्वास नोंदवायच्या टीपीआर चार्टवर ताप नॉर्मल. प्लेटलेट ८४,०००, आणि रक्तस्राव नसेल तर केवळ या आकड्यासाठी खाट लागत नाही हे त्यालाही माहीत आहे. वीकनेस तर प्रत्येकालाच असतो. त्याने ‘ओपीडीत शक्य’ असा शेरा मारला तर कागदापुरतं त्याचं चूक नाही.

त्याच पेशंटबद्दल असं लिहिता आलं असतं: ‘डेंग्यू, तापाचा चौथा दिवस, ताप उतरत आहे. पोटदुखी, सकाळपासून पाच उलट्या, तोंडाने पाणी टिकत नाही. नाडी १०८, रक्तदाब १००/७०. हिमॅटोक्रिट दोन दिवसांत ३९ वरून ४७. मधुमेह. धोक्याची लक्षणं असल्याने शिरेतून द्रव आणि दर काही तासांनी नाडी, रक्तदाब, लघवी व हिमॅटोक्रिट पाहणं आवश्यक; घरी शक्य नाही.’ लिहायला दोन मिनिटं जास्त लागतील. इथे निदानाच्या पलीकडची गोष्ट कागदावर येते: आज, या माणसाला, घरी का ठेवता येत नाही. जागतिक आरोग्य संघटनेची २००९ ची डेंग्यूची मार्गदर्शक सूचनाही पेशंटची विभागणी याच पद्धतीने करते. पोटदुखी, सततच्या उलट्या, वाढतं हिमॅटोक्रिट ही धोक्याची लक्षणं तिने नावानिशी दिली आहेत.

त्याच सूचनेत आणखी एक कारण आहे, जे आपल्याकडे केस पेपरात क्वचितच उतरतं. धोक्याची लक्षणं नसली, तरी पेशंट एकटा राहत असेल किंवा रुग्णालयापासून लांब राहत असेल, भरवशाची वाहतूक नसेल, तर त्याला दाखल करावं असं ती सांगते. सुरगाणा किंवा पेठच्या पाड्यावरून आलेल्या माणसाला संध्याकाळी ‘त्रास झाला तर परत या’ म्हणून घरी पाठवायला कुठलाच डॉक्टर धजावणार नाही. पण कागदावर पत्ता फक्त पत्त्याच्या रकान्यात राहतो, दाखल करण्याच्या कारणात येत नाही.

पहिली नोंद चांगली असली की काम झालं असंही नाही. पुढच्या पानांनी तिला साथ द्यावी लागते. तीन दिवस ओळीने ‘व्हायटल्स स्टेबल, पेशंट कम्फर्टेबल, सीएसटी’, म्हणजे तेच उपचार चालू, रोज तोच १२०/८० रक्तदाब, आणि औषधांच्या पानावर फक्त गोळ्या असतील तर पहिल्या पानावरची उलटी खोटी वाटू लागते. ‘ॲक्टिव्ह लाइन ऑफ ट्रीटमेंट नाही’ हा शेरा इथूनच येतो. कोविडच्या काळात हे मोठ्या प्रमाणावर दिसलं. सौम्य लक्षणांना घरी विलगीकरण असं सरकारी प्रोटोकॉलच म्हणत होता, आणि ऑक्सिजन ९३ किंवा खाली आला की पेशंट मध्यम गटात जात होता. दाखल करतानाचा ऑक्सिजनचा आकडा न लिहिता नुसतं ‘कोविड पॉझिटिव्ह’ लिहिलेले पेपर मग क्लेमच्या वेळी लुळे पडले.

क्वेरी आल्यावर पहिल्या पानावर मागाहून भर घालणं हा सर्वांत वाईट उपाय. शाई वेगळी दिसते, ओळी समासात शिरतात, आणि मुख्य म्हणजे सिस्टरच्या नोंदीशी वेळा जुळत नाहीत. मग एका अपुऱ्या नोंदीचा प्रश्न बनवाबनवीचा होतो. डॉक्टरचं नंतरचं खुलासापत्र चालतं, पण त्याचं वजन त्या वेळच्या नोंदीपेक्षा कमी. ते पत्र कागदातल्याच पुराव्याकडे बोट दाखवत असेल तर मात्र उपयोगी पडतं. वरच्या उदाहरणात पहिली नोंद त्रोटक असली तरी लॅबच्या दोन रिपोर्टांवर तारीख-वेळ आहे, इंटेक-आउटपुट चार्टवर उलट्या असतील, कॅज्युअल्टीच्या चिठ्ठीवर नाडी असेल. ‘धोक्याची लक्षणं या पानांवर आहेत’ असं पान क्रमांकासह लिहिलेलं पत्र आणि ‘माझ्या मते दाखल करणं गरजेचं होतं’ असं एका ओळीचं पत्र, यांत फार फरक पडतो.

मे २०२४ च्या परिपत्रकाने नियामकाने कंपन्यांना आणखी बांधलं. कॅशलेसचा निर्णय एका तासात, डिस्चार्जच्या वेळची अंतिम मंजुरी तीन तासांत, आणि क्लेम समीक्षा समितीच्या मंजुरीशिवाय क्लेम नाकारायचा नाही. लागणारे कागद विमा कंपनीने किंवा टीपीएने थेट रुग्णालयाकडून घ्यायचे. पेशंटची धावपळ त्यामुळे वाचते. उलट बाजू अशी की केस पेपर रुग्णालयातून परस्पर पुढे जातो आणि घरच्यांच्या हाती येतं फक्त डिस्चार्ज कार्ड. दाखल करताना काय लिहिलं होतं, हे त्यांना नकाराचं पत्र आल्यावर समजतं. तेव्हा ७२ तासांच्या नियमावर बोट ठेवून पूर्ण इनडोअर पेपर, नर्सिंग नोंदी आणि चार्टसह मागायचे आणि आधी कंपनीच्या तक्रार कक्षाकडे लेखी जायचं. तिथे नकार आला किंवा महिनाभर उत्तरच नाही आलं, तर नाशिककरांना पुण्याच्या विमा लोकपालांकडे विनाशुल्क तक्रार करता येते, किंवा नाशिकच्याच जिल्हा ग्राहक आयोगाचा रस्ता धरता येतो. लोकपालांकडे जायची मुदत कंपनीच्या अंतिम नकारापासून एक वर्षाची आहे.