सिंक होत नाही? घड्याळ रात्री कुठे आणि कसं ठेवायचं

रेडिओ कंट्रोल्ड अ‍ॅनालॉग घड्याळ, म्हणजे रेडिओ स्टेशनच्या सिग्नलवरून आपली वेळ स्वतःच जुळवणारं घड्याळ, घेतलेल्यांचा आम्हाला सगळ्यात जास्त येणारा प्रश्न हा, की सिग्नल रिसीव्ह केल्यावर सेकंद काटा 'नो' वर जाऊन थांबतो, मग घड्याळ बिघडलंय का? बहुतेक वेळा बिघडलेलं नसतं, चुकीच्या जागी आणि चुकीच्या वेळी ट्राय केलेलं असतं. आणि दोनचार दिवस सिंक नाही झालं तरी टेन्शन घेऊ नका, आतलं क्वार्ट्झ महिन्याला साधारण १५ सेकंदांच्या आतच पुढेमागे होतं, म्हणजे दिवसाला जेमतेम अर्धा सेकंद.

आधी होम सिटी, म्हणजे घड्याळात सेट केलेलं शहर, बघा. घड्याळ त्यावरूनच ठरवतं की कुठलं स्टेशन ऐकायचं. वेळेचा सिग्नल पाठवणारी अशी स्टेशन्स जगात मोजकीच आहेत, जर्मनीत माइनफ्लिंगेन, इंग्लंडमध्ये अँथॉर्न, अमेरिकेत फोर्ट कॉलिन्स, जपानमध्ये दोन आणि चीनमध्ये एक. माइनफ्लिंगेनचा भरवसा साधारण १५०० किलोमीटरपर्यंत धरायचा, त्याच्या पलीकडे कधी लागलं तर लागलं. कुठल्याच स्टेशनच्या टप्प्यात नसाल तर खिडकी बदलून काही उपयोग नाही, वेळ हाताने लावा आणि निश्चिंत राहा.

आता वेळ. हे सिग्नल लाँग वेव्हचे आहेत, ४० ते ७७.५ किलोहर्ट्झच्या मधले. दिवसा उन्हामुळे वातावरणाच्या वर एक थर तयार होतो तो हे सिग्नल शोषून घेतो, रात्री तो थर विरून जातो आणि सिग्नल वरून परावर्तित होऊन लांबपर्यंत येतो. स्टेशन जवळ असेल तर दिवसाही जमतं पण ५०० किलोमीटरच्या पुढे गेलात की रात्रच धरा. मध्यरात्र ते पहाटे चार ही सगळ्यात चांगली वेळ, म्हणूनच बरीच घड्याळं आपोआप याच वेळात ट्राय करतात. सूर्योदय-सूर्यास्ताच्या आसपास मात्र नको, तेव्हा वरचे थर बदलत असतात आणि सिग्नल डळमळतो.

जागेचं म्हणाल तर स्टेशनच्या दिशेची खिडकी, लाकडी किंवा प्लास्टिकच्या वस्तूवर. लोखंडी कपाट, स्टीलचं टेबल, आणि मोबाइलचा चार्जर, लॅपटॉप, टीव्ही, एलईडी दिवा यांच्यापासून दीडदोन मीटर लांब ठेवा, कारण चार्जर जो बारीक आवाज रेडिओत सोडतो तो याच फ्रीक्वेन्सीच्या आसपास पडतो आणि घड्याळाला स्टेशन ऐकूच येत नाही.

आणि जे फार कमी लोक बघतात ते म्हणजे घड्याळ कुठल्या बाजूला तोंड करून ठेवलंय. आत फेराइटची छोटी दांडी असते, तोच अँटेना. दांडी स्टेशनच्या दिशेला काटकोनात आडवी असेल तर जास्तीत जास्त सिग्नल मिळतो, तिचं टोक स्टेशनकडे गेलं की जवळजवळ काहीच मिळत नाही. काही मॉडेलमध्ये ती १२ च्या बाजूला असते तर काहींमध्ये ९ च्या, मॅन्युअलमध्ये दिलेलं असतं, तो आकडा खिडकीकडे करा. त्याने नाही जमलं तर पुढच्या खेपेला घड्याळ चतकोर फिरवून ठेवा.

समजा तुम्ही रोममध्ये आहात. माइनफ्लिंगेन तिथून साधारण ९५० किलोमीटर, उत्तरेला थोडं पश्चिमेकडे. दुपारी चार वाजता ऑफिसच्या टेबलावर लॅपटॉपशेजारी ठेवून बटण दाबलं तर 'नो' येणारच. त्याऐवजी होम सिटी रोम आहे का बघा, झोपताना उत्तरेकडच्या खिडकीत १२ बाहेरच्या बाजूला करून ठेवा, बास, रात्रीत ते स्वतःच ट्राय करेल. सकाळी 'नो' असेल तर पुढच्या रात्री बाराच्या नंतर हाताने रिसीव्ह करा: बटण दाबून धरा, सेकंद काटा रिसीव्हच्या खुणेवर गेला की सोडा आणि पंधरा मिनिटं घड्याळाला हात लावू नका. सिग्नल सेकंदाला एकच तुकडा देतो, म्हणजे एकदा पूर्ण वेळ यायला एक मिनिट लागतं, आणि घड्याळ खात्री करायला सहसा अशी काही मिनिटं ऐकतं, त्यामुळे मध्येच उचललं की सगळं पहिल्यापासून. बाहेर विजा कडाडत असतील तर त्या रात्री सोडून द्या.

सोलर मॉडेलमध्ये सेकंद काटा दोन-दोन सेकंदांनी उड्या मारत असेल तर चार्ज कमी आहे, अशा वेळी घड्याळ रिसीव्ह करायलाच नकार देतं. आधी उजेडात भरपूर चार्ज करा.

'ओके' येतंय पण काटे तरी चुकीची वेळ दाखवतायत, तर सिग्नलचा दोष नाही. धक्क्याने किंवा चुंबकाजवळ गेल्याने काटे आपल्या मूळ जागेवरून सरकलेत, घड्याळाला आत खरी वेळ माहीत आहे पण काटा कुठे आहे हे ते चुकीचं समजतंय. पूर्ण तासांचा फरक असेल तर होम सिटी तपासा, काही मिनिटं-सेकंदांचा असेल तर मॅन्युअलमधली काटे १२ वर आणायची सेटिंग करा. ती करूनही काही दिवसांनी पुन्हा सरकत असतील तर घड्याळ आमच्याकडे घेऊन या, आत बघावं लागेल.