सहाच्या चढावरचे दहा, सपाट रस्त्यावर किती?

माझा भाचा परभणीत पोलीस भरतीची तयारी करतोय. मे महिन्यात सकाळी आठलाच ऊन चढतं, म्हणून दोन महिने त्याने जिममधल्या ट्रेडमिलवर पळायचं ठरवलं. एका संध्याकाळी त्याचा फोन आला. "मामा, आज दहाच्या स्पीडवर, सहाचं इन्क्लाइन लावून वीस मिनिटं पळालो. रस्त्यावर हे किती धरायचं?"

प्रश्न साधा वाटतो, पण त्याचं नीट उत्तर द्यायला मला तीन दिवस लागले. त्यातला बराचसा वेळ गणितात गेला नाही, तर मोजपट्टी घेऊन जिमच्या फरशीवर बसण्यात गेला.

आधी त्याची एक शंका. पट्टा खाली सरकतो आणि आपण जागच्या जागी असतो. मग चढलो कुठे? छतापासून डोक्याचं अंतर तर बदलत नाही! पण पट्ट्यावर उभं राहून विचार केला की उत्तर सापडतं. पट्टा तिरका आहे आणि तो तुम्हाला सतत मागे आणि खाली नेतोय. नुसते उभे राहिलात तर खाली जाल. जागेवर राहायचं असेल, तर पट्टा जेवढं खाली नेतो तेवढं तुम्हाला प्रत्येक क्षणी वर चढावं लागतं. पायाच्या स्नायूंना हा चढ डोंगराच्या चढाइतकाच खरा असतो. सहाचा चढ म्हणजे सहा टक्के, म्हणजेच शंभर मीटर आडव्या अंतरामागे सहा मीटर उंची. हे सहा अंश नव्हेत. अंशात मोजलं तर तो जेमतेम साडेतीन अंशांचा उतार आहे. ताशी १० किलोमीटर म्हणजे मिनिटाला साधारण १६७ मीटर, आणि त्याचे सहा टक्के म्हणजे मिनिटाला १० मीटर उंची. वीस मिनिटांत २०० मीटर. देवगिरीचा डोंगर साधारण एवढाच उंच आहे. भाचा परभणीत एका खोलीत देवगिरी चढून आला होता.

या चढाची किंमत शरीर ऑक्सिजनमध्ये चुकवतं. म्हणून दोन प्रकारच्या धावण्याची तुलना करताना शास्त्रज्ञ वेग बघत नाहीत, दर मिनिटाला किती ऑक्सिजन लागला ते बघतात. व्यायामशास्त्रात सर्वांत जास्त वापरलं जाणारं समीकरण अमेरिकन कॉलेज ऑफ स्पोर्ट्स मेडिसिनचं आहे. धावताना दर किलो वजनामागे एक मीटर पुढे जायला ०.२ मिलिलिटर ऑक्सिजन लागतो आणि एक मीटर वर चढायला ०.९ मिलिलिटर. शिवाय नुसतं जिवंत राहायला मिनिटाला ३.५ मिलिलिटर लागतो, तो दोन्हीकडे सारखाच. त्यामुळे तुलनेतून तो गळून पडतो आणि उरतं एक सुटसुटीत सूत्र:

सपाट पट्ट्यावरचा वेग = तिरक्या पट्ट्यावरचा वेग × (१ + ४.५ × चढ)

चढ अपूर्णांकात लिहायचा, म्हणजे सहा टक्क्यांसाठी ०.०६. तोंडी लक्षात ठेवायचं तर, दर एक टक्का चढामागे वेग साडेचार टक्के वाढवून धरायचा.

यातल्या ०.९ वर जरा थांबायला हवं. चालण्यासाठी याच संस्थेचं वेगळं समीकरण आहे आणि त्यात एक मीटर चढायची किंमत बरोबर दुप्पट, म्हणजे १.८ आहे. एक किलो वजन एक मीटर उचलायला सुमारे ९.८ ज्यूल ऊर्जा लागते. स्नायू खर्चलेल्या ऊर्जेपैकी जेमतेम पाव भागच कामात बदलतात. तेव्हा प्रत्यक्षात चाळीसेक ज्यूल खर्च होतात, आणि तेवढ्यासाठी सुमारे १.९ मिलिलिटर ऑक्सिजन पुरतो. चालण्याचा आकडा या हिशोबाशी जुळतो. मग धावताना निम्म्यात कसं भागतं? कारण धावणारा सपाटीवरही प्रत्येक पावलाला उडी मारतच असतो. वर उचललेलं शरीर पुन्हा खाली येतं आणि तो खर्च बराचसा वाया जातो. चढावर या उडीचा काही भाग थेट उंचीत बदलतो. वर जायचं काम अर्धंमुर्धं आधीच चाललेलं असतं, म्हणून वरचा खर्च कमी दिसतो. यावरून एक गोष्ट निघते. चढ लावून जे झपाझप चालतात, त्यांनी साडेचार टक्क्यांचं हे सूत्र वापरू नये. ते खरोखर धावणाऱ्यांसाठीच आहे.

आता भाच्याचा हिशोब. १० × (१ + ४.५ × ०.०६) म्हणजे १२.७. तो सपाट पट्ट्यावर ताशी १२.७ किलोमीटरने पळाल्यासारखं झालं. पण त्याने रस्त्याचं विचारलं होतं, आणि रस्त्यावर वारा असतो. वारा पडलेला असला तरी पळणाऱ्याला हवा कापत जावं लागतं, आणि पट्ट्यावर ते काम नसतं. १९९६ मध्ये जोन्स आणि डाउस्ट या इंग्लंडमधल्या संशोधकांनी सराव असलेल्या धावपटूंना रस्त्यावर आणि ट्रेडमिलवर पळवून त्यांचा ऑक्सिजन मोजला. ट्रेडमिलला एक टक्का चढ दिला की खर्च रस्त्याशी सगळ्यांत चांगला जुळतो, असं त्यांना दिसलं. 'ट्रेडमिल नेहमी एकवर ठेवा' हा जिममधला सल्ला तिथूनच आला आहे. मात्र त्यांनी तपासलेले वेग साधारण साडेदहा ते अठरा किलोमीटरचे होते. ताशी सात-आठने पळणाऱ्याला हवेचा अडथळा इतका थोडा असतो की तो धरला काय, न धरला काय, फरक पडत नाही. भाचा मात्र त्या टप्प्यात येतो. म्हणून एक टक्क्याचे साडेचार टक्के वजा करायचे: १२.७ भागिले १.०४५ म्हणजे १२.१५. किलोमीटरला ४ मिनिटं ५६ सेकंद.

हे उत्तर सेकंदापर्यंत आलं म्हणून ते सेकंदापर्यंत खरं मानू नये. २००२ मध्ये मिनेटी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी डोंगरात धावणाऱ्या कसलेल्या खेळाडूंना वेगवेगळ्या चढ-उतारांवर पळवून प्रत्येक मीटरचा खर्च मोजला. त्यांच्या वक्राने हाच हिशोब केला तर रस्त्यावरचा वेग ताशी १३ किलोमीटरच्या जवळ जातो, म्हणजे किलोमीटरला ४ मिनिटं ३७ सेकंद. गंमत म्हणजे वर चढण्याच्या किमतीवर दोन्ही सूत्रांचं जवळपास एकमत आहे. मतभेद सपाटीच्या खर्चावर आहे. मिनेटींचे खेळाडू सपाटीवर कमी खर्चात पळत होते, त्यामुळे त्यांच्या हिशोबात चढाचा वाटा मोठा दिसतो. माणसामाणसांत हा फरक असतोच. म्हणून नवख्या धावणाऱ्याने पहिल्या सूत्राचं जरा सावध उत्तर धरावं, असं माझं मत आहे.

एवढं सांगून मी फोन ठेवला असता. पण ४:५६ ऐकून भाचा इतका खूश झाला की मलाच शंका आली. मागच्या थंडीत मैदानावर तो याच्या आसपासही नव्हता. म्हणून रविवारी परभणीला गेलो आणि जिममालकाला विचारून मशीनच मोजायला घेतली.

पट्ट्याची पूर्ण लांबी मोजली, ती बरोबर ३ मीटर भरली. कडेला खडूची खूण केली आणि भाच्याला पळायला लावलं. हे मोजमाप माणूस पळत असतानाच करायचं, कारण प्रत्येक पाऊल पडताना पट्टा थोडा अडतो आणि जुन्या मोटारीचा वेग भाराखाली उतरतो. मोकळा पट्टा फिरवून मोजलं तर सगळं ठीक आहे असंच वाटेल. ताशी १० किलोमीटरला मिनिटात साडेपंचावन्न फेऱ्या व्हायला हव्यात. आम्ही मोबाइलवर व्हिडिओ घेऊन मोजल्या, त्या ५२ भरल्या. म्हणजे खरा वेग ताशी ९.३६.

मग चढ. मशीन थांबवून, इन्क्लाइन सहावरच ठेवून, पट्ट्याच्या कडेच्या पट्टीवर लांब सरळ फळी ठेवली आणि गवंड्याची पाणसळ लावली. १२० सेंटिमीटर आडव्या अंतराला ७.२ सेंटिमीटर उंची यायला हवी होती. आली ५.४. म्हणजे चढ साडेचार टक्केच. कारण मशीनच्या पायाखालीच होतं. खोलीच्या फरशीला पाणी वाहून जायला दिलेला उतार होता आणि मशीनचं तोंड नेमकं उताराच्या बाजूला होतं. शून्यावर ठेवलेला पट्टा मुळात पुढे झुकलेला होता. स्क्रीनवरचा आकडा मशीनच्या सांगाड्याच्या हिशोबाने असतो, जमीन कशी आहे हे तिला कळत नाही.

खरे आकडे घालून पुन्हा हिशोब केला: ९.३६ × (१ + ४.५ × ०.०४५) म्हणजे ११.२६, त्याला १.०४५ ने भागलं की १०.७७. किलोमीटरला ५ मिनिटं ३४ सेकंद. मिनेटींच्या वक्राने ५ मिनिटं २० सेकंद. दोन सूत्रांत वीस सेकंदांच्या आत फरक, पण स्क्रीनवर विश्वास ठेवला तर चूक जवळजवळ चाळीस सेकंदांची. सूत्र कुठलं चांगलं यावर तासभर बोलण्यापेक्षा पाणसळ लावलेली बरी.

शिवाय एक गोष्ट मोजपट्टीत सापडली नसती. चौदाव्या मिनिटाला भाच्याने पुढचा दांडा धरला. हाताने दांडा धरून मागे रेललं की शरीराचं काही वजन दांड्यावर जातं आणि पट्टा ओढायचं काम हातही करतात. त्या क्षणापासून कुठलंच सूत्र लागू होत नाही आणि किती सूट मिळाली हेही काढता येत नाही. दांडा धरावा लागतोय याचा अर्थ चढ जास्त आहे. तो कमी करायचा.

दुसऱ्या दिवशी पहाटे साडेपाचला आम्ही कृषी विद्यापीठाच्या बाजूच्या सपाट रस्त्यावर गेलो. ४०० मीटर मोजून खुणा केल्या. ५:३४ च्या पेसने ४०० मीटरला २ मिनिटं १४ सेकंद लागायला हवेत. ट्रेडमिलवर आठव्या मिनिटाला त्याची नाडी १६८ होती. हिशोब बरोबर असेल तर रस्त्यावरही ती तेवढ्याच आसपास यायला हवी. ही तुलना पहिल्या आठ-दहा मिनिटांचीच करावी. कोंदट खोलीत अंगाला वारा लागत नाही, घाम सुकत नाही, आणि त्यानंतर नाडी नुसत्या उष्णतेनेच चढत जाते. ती वाढ चढाच्या नावावर लिहिली की रस्त्यावरचा वेग पुन्हा फुगतो.

चार खुणा त्याने २:१४ च्या ठेक्यात पार केल्या. आठव्या मिनिटाला नाडी १६६. थोडा वेळ चालून श्वास बसल्यावर तो म्हणाला, "मामा, आता ते आधीचं करून बघू का?" ४:५६ म्हणजे ४०० मीटरला १ मिनिट ५८ सेकंद. पहिली खूण वेळेत झाली, दुसरी दोन सेकंद उशिरा, तिसरीच्या आधीच त्याचा श्वास तुटला आणि तो चालायला लागला. भरतीला १६०० मीटर, म्हणजे अशा चार खुणा, सलग पळायच्या आहेत. त्याने वही काढली, ट्रेडमिलच्या पानावरचं '१० / ६' खोडलं आणि शेजारी '९.४ / ४.५' असं लिहिलं.