मोटारीच्या पाटीचा फोटो: एचपी, फेज, हेड आणि अँपिअर एकत्र कसे वाचायचे

मोटार बदलायची असो, रिवाइंडिंगला द्यायची असो की स्टार्टर घ्यायचा असो, पुण्यातल्या दुकानात फोन केला की पहिलं वाक्य ठरलेलं असतं: ‘पाटीचा फोटो पाठवा.’ पाठवलेल्या फोटोत दुकानदार फक्त एचपी आणि फेज बघतो, कारण त्याला माल त्यावर द्यायचा असतो. शेतकऱ्याने मात्र त्याच फोटोत आणखी दोन आकडे बघायला हवेत. एक हेड रेंज आणि दुसरा कमाल अँपिअर. हेड म्हणजे पाणी चढवायची उंची आणि पाइपातल्या घर्षणात जाणारा जोर, दोन्ही मिळून मीटरमध्ये. मोटार जळणार की टिकणार, हे बऱ्याचदा या दोन आकड्यांच्या नात्यावर ठरतं.

आधी फोटोबद्दल. पाटीजवळ जाण्यापूर्वी मेन स्विच पाडा आणि फ्यूज काढून खिशात ठेवा. पॅनलला ऑटो स्विच बसवलेला असेल तर लाइट येताच पंप आपोआप सुरू होतो आणि शेतीची थ्री फेज कधी येईल याचा भरवसा नसतो. पाटी ओल्या फडक्याने पुसून कोरडी करा. अक्षरं कोरलेली असतील तर त्यांवर खडू घासून वरचा थर पुसून टाका, म्हणजे पांढरी भुकटी फक्त खाचांत राहते आणि आकडे उठून दिसतात. मोबाइलचा फ्लॅश बंद ठेवा, कारण धातूवर तो चकाकतो आणि नेमका मधला आकडा गायब होतो. त्याऐवजी दुसऱ्या मोबाइलची टॉर्च बाजूने, तिरपी धरा. सबमर्सिबल असेल तर मोटार पाण्यात सोडण्याआधीच फोटो काढून ठेवा. नंतर फक्त पाटी वाचण्यासाठी ती कोणी वर काढत नाही.

आता पाच एचपीच्या एका थ्री फेज ओपनवेल सबमर्सिबलची नमुन्यादाखल पाटी घेऊ. तिच्यावर असं लिहिलेलं आहे: ३.७ किलोवॅट / ५ एचपी, ३ फेज, ४१५ व्होल्ट, ५० हर्ट्झ, २८८० आरपीएम, कमाल करंट ९.५ अँपिअर, हेड ३२ मीटर, डिस्चार्ज ६.५ लिटर प्रति सेकंद, हेड रेंज २० ते ४० मीटर.

फोटो धूसर असला तरी हे आकडे एकमेकांची साक्ष देतात. एचपीला ०.७४६ ने गुणलं की किलोवॅट यायला हवेत. पाच गुणिले ०.७४६ म्हणजे ३.७३. तेव्हा पाटीवर फक्त ३.७ दिसत असेल, तर ते ३.७ एचपी नाहीत. ती पाच एचपीची मोटार आहे. शेतपंपाच्या थ्री फेज मोटारीचे कमाल अँपिअर ढोबळमानाने एचपीच्या दीडपट ते दुप्पट असतात. म्हणून ‘९५’ दिसलं तर मधला टिंब पुसला गेलाय हे ओळखावं. वेग २८८० च्या आसपास किंवा १४४० च्या आसपास असतो, कारण पन्नास हर्ट्झवर या मोटारी ३००० किंवा १५०० च्या थोड्या खालीच फिरतात. ‘२३३०’ वाचलात तर ते आठाचे तीन झालेत. डिस्चार्ज काही पाट्यांवर मिनिटाला लिटरमध्ये असतो. सेकंदाला ६.५ म्हणजे मिनिटाला ३९० आणि तासाला २३,४०० लिटर. एकच गोष्ट, मापं वेगळी.

फेजचं थोडक्यात. तीन फेजची मोटार म्हणजे स्टार्टरला तीन जिवंत तारा येतात आणि तिन्हींवर जवळपास सारखा करंट असायला हवा. एक फेज गेला तर उरलेल्या दोन तारांवर सगळा भार येतो आणि वायंडिंग काही मिनिटांत तापून जळू शकतं. त्यासाठी फेज जाताच मोटार बंद पाडणारा सिंगल फेजिंग प्रिव्हेंटर लागतो. पाटीवर १ फेज, २३० व्होल्ट असेल तर सोबत कॅपॅसिटरचा मायक्रोफॅरडचा आकडाही फोटोत यायला हवा. कॅपॅसिटर बदलताना तोच मिळवावा लागतो.

खरा घोळ होतो तो हेडमध्ये. ‘चाळीस मीटर हेडची मोटार आहे, आपल्याला वीसच लागतं, म्हणजे ती आरामात चालेल’ असं समजलं जातं. सेंट्रिफ्युगल पंपात नेमकं उलट घडतं. इम्पेलर, म्हणजे पंपातलं पाणी फेकणारं चक्र, मिनिटाला जवळजवळ तितकेच फेरे मारतो, मग हेड दहा मीटर असो की चाळीस. मोटारीला जड जातं ते त्या इम्पेलरमधून दर सेकंदाला किती लिटर पाणी गरगरवून बाहेर फेकायचं, ते. वर चढायची उंची कमी झाली की पाणी मोकळं धावतं, लिटर वाढतात, त्यांना वेग द्यायला शाफ्टवर जास्त जोर लागतो आणि मोटार जास्त करंट ओढते. ही जादा ताकद पाणी उंच न्यायला वापरली जात नाही, ती पंपाच्या आतल्या खळबळीत वाया जाते. म्हणूनच कंपनी हेड रेंज लिहिते. वीस ते चाळीस मीटरच्या आत कुठेही चालवा, पाटीवरच्या व्होल्टेजला करंट ९.५ च्या वर जाणार नाही, असा त्याचा अर्थ. वीसच्या खाली ते आश्वासन संपतं.

ही मोटार पुरंदरच्या बाजूला एका विहिरीवर बसवली आहे असं समजा. दख्खनच्या कातळातल्या विहिरींची पातळी पावसाळा आणि उन्हाळ्यात फार बदलते. मे महिन्यात पाणी काठापासून १४ मीटर खाली आहे. अंजिराची बाग काठापेक्षा ५ मीटर उंचावर आणि तिथपर्यंत ७५ मिलिमीटरचा अडीचशे मीटर पीव्हीसी पाइप. सेकंदाला साडेसहा लिटर पाणी या पाइपातून नेताना दर शंभर मीटरला सुमारे चार मीटर हेड घर्षणात जातं, म्हणजे इथे दहा मीटर. बेंड आणि वॉल्व्हचे दोन मीटर धरा. एकूण १४ अधिक ५ अधिक १० अधिक २, म्हणजे ३१ मीटर. पाटीवरच्या ३२ शी हे छान जुळतं आणि बागेला पुरेपूर पाणी मिळतं. (हाच पाइप ६३ चा असता तर घर्षण शंभर मीटरला नऊच्या आसपास गेलं असतं, ९० चा असता तर दीडच्या. मोटार मोठी करण्याआधी पाइप बघावा तो यासाठी. ठिबक असेल तर फिल्टर आणि लॅटरलसाठी साधारण १० ते १५ मीटर वेगळे धरावे लागतात.)

पावसाळ्यात विहीर भरते. पाणी काठापासून तीनच मीटरवर येतं. वाटतं की हेड ११ मीटरने घटून वीसवर आलं. प्रत्यक्षात तेवढं घटत नाही. पाणी जास्त वाहू लागलं की पाइपातलं घर्षणही वाढतं आणि हेड चोवीस-पंचवीसला स्थिरावतं. बागेकडे पाणी जातंय तोवर मोटार सुरक्षित आहे.

संकट येतं ऑगस्टमध्ये, विहिरीचं पाणी शेततळ्यात साठवायला घेतलं की. शेततळं विहिरीपासून पंचवीस मीटरवर, बांध काठापेक्षा दोनच मीटर उंच. तीन अधिक दोन, वर दोन-तीन मीटर घर्षण. एकूण हेड सात-आठ मीटर. पाटीवरची किमान मर्यादा वीस आहे. पाण्याची धार जोरदार पडते, बघणाऱ्याला समाधान वाटतं, आणि आत मोटार पाटीवरच्या करंटच्या पलीकडे चालत असते. करंट मर्यादेबाहेर गेला की मोटार बंद पाडणारा स्टार्टरमधला ओव्हरलोड रिले ट्रिप होतो. मग त्याचा काटा बारा-चौदा अँपिअरवर सरकवला जातो आणि ट्रिप व्हायचं थांबतं. थोड्याच दिवसांत वायंडिंग जातं आणि दोष व्होल्टेजला दिला जातो.

व्होल्टेजचा वाटाही असतोच, तो मोजता येतो. ३२ मीटरवर ही मोटार लाइनमधून साधारण साडेचार किलोवॅट घेते. ४१५ व्होल्टला त्यासाठी सुमारे साडेसात अँपिअर लागतात, ३४० व्होल्टला तेच काम करायला नऊच्या आसपास. म्हणजे योग्य हेडवरही कमी व्होल्टेजमध्ये मोटार ९.५ च्या काठावर येते. त्यात हेड कमी पडलं तर मोकळीक उरतच नाही.

उपाय साधा आहे. डिलिव्हरीच्या पाइपावर, विहिरीच्या काठाजवळ गेट वॉल्व्ह बसवा. तळ्यात पाणी सोडताना इलेक्ट्रिशियनकडून टाँग टेस्टरने करंट मोजून घ्या. मीटरचा जबडा एका वेळी एकाच तारेभोवती लावायचा, तिन्ही तारा एकदम धरल्या तर वाचन जवळजवळ शून्य येतं. वॉल्व्ह हळूहळू आवळत जा. आकडा खाली येताना दिसेल. तिन्ही फेजवर तो ९.५ च्या खाली, शक्यतो ९ च्या आत आला की वॉल्व्हच्या दांड्यावर रंगाची खूण करा. वॉल्व्ह आवळला की मोटारीवर ताण येतो असा समज आहे, पण या प्रकारच्या पंपात ताण कमी होतो. मीटरवरच ते पाहता येतं. पूर्ण बंद करून मात्र पंप चालवत ठेवू नका. तेच पाणी आत फिरून तापतं आणि सील खराब होतं. चाळीस मीटरच्या बरंच वर चालवलं तरी असंच होतं, करंट कमी आणि पाणीही नाममात्र.

ओव्हरलोड रिले पाटीवरच्या ९.५ वर ठेवा, त्याच्या वर नाही. तो ट्रिप होत असेल तर आधी व्होल्टेज, मग तिन्ही फेजचा करंट, मग हेड अशा क्रमाने तपासा. एकाच फेजवर आकडा वेगळा दिसला तर बिघाड तारेत, फ्यूजमध्ये किंवा स्टार्टरच्या कॉन्टॅक्टमध्ये शोधावा. तिन्हींवर सारखाच जास्त असेल तर व्होल्टेज किंवा हेड. करंट नेहमीपेक्षा कमी आणि पाणीही कमी असेल, तर विहिरीत पाणी उतरलंय किंवा गाळणी तुंबलीय. नुकतंच वायरिंग हलवलं असेल आणि पाणी कमी पडत असेल, तर मोटार उलटी फिरत असू शकते. मेन बंद करून स्टार्टरवरच्या कोणत्याही दोन फेजच्या तारा अदलाबदल केल्या की ती सुलटी होते.

मोटार रिवाइंड झालेली असेल तर पाटीवरच्या अँपिअरवर डोळे झाकून विसंबू नका. तारेची जाडी किंवा वेढे बदलले असतील तर करंटही बदलतो. अशा मोटारीचा करंट रिवाइंड करून आणल्याच्या दिवशीच, पाणी नेहमीच्या जागी सोडून मोजा. तिन्ही फेजचे आकडे, व्होल्टेज आणि तारीख स्टार्टरच्या झाकणाच्या आतल्या बाजूला पक्क्या मार्करने लिहा, आणि त्याचाही फोटो पाटीच्या फोटोसोबत ठेवा.