आधी चूक सांगितली, तरी भरवसा का बसला नाही?

मृगाच्या आधीचे पंधरा दिवस आमच्या परभणी जिल्ह्यात बैठकांचे असतात. मंदिराच्या पारावर नाहीतर शाळेच्या व्हरांड्यात सतरंजी अंथरली जाते आणि सोयाबीन, कापूस, बियाणं, खत यांवर कुणी ना कुणी बोलायला येतं. मी मानसशास्त्र शिकवते, शेतीतलं मला जेमतेम कळतं. पण माझा मावसभाऊ कृषी पदवीधर आहे. त्याच्याबरोबर अशा दोन बैठकांना गेले आणि तिथं जे पाहिलं, ते डोक्यातून जाईना.

पहिली बैठक पाथरी तालुक्यातल्या एका गावात होती. बोलणारे शेजारच्याच गावचे, पन्नाशीतले शेतकरी. माईक हातात घेऊन त्यांनी पहिलंच वाक्य टाकलं, "मागच्या साली माझं सात एकर सोयाबीन उगवलंच नाही, आन् चूक माझीच होती." मागं मोबाइलवर असलेल्या पोरांनीसुद्धा मान वर केली. त्यांनी सगळं सांगितलं. घरचंच बियाणं होतं. मळणी करताना यंत्राचा वेग जास्त ठेवला होता. सोयाबीनचं साल पातळ असतं, मार लागला की डोळ्यांना न दिसणाऱ्या भेगा पडतात. वर पोत्यांची थप्पी छताला लागेपर्यंत रचली. उगवण तपासली नाही, आणि पहिल्या पावसानं जमीन वरवर ओली होताच पेरून मोकळे झाले. आठव्या दिवशी तासात बोट घालून बी काढलं, तर ते फुगून लिबलिबीत झालेलं आणि वास मारत होतं. दुबार पेरणी करावी लागली. त्यानंतर पाऊण तास कुणी जागचं हललं नाही.

भावाला ते इतकं भावलं, की पुढच्या आठवड्यात दुसऱ्या तालुक्यात त्यानं तशीच सुरुवात केली. गोष्टही खरीच होती. नोकरीच्या पहिल्या वर्षी त्यानं एका शेतकऱ्याला घाईत पेरणीचा सल्ला दिला होता आणि तो चुकला होता. त्यानं ते मनापासून सांगितलं. पुढच्या रांगेतले एक आजोबा शांतपणे म्हणाले, "मग आता तुमचं ऐकायचं कामून?" बैठक तिथंच सैल झाली. घरी येताना भाऊ गाडीत म्हणाला, "ताई, मी खरंच बोललो की. मग असं कामून झालं?"

याचं एक उत्तर १९६६ सालच्या एका प्रयोगात आहे. अमेरिकेतले मानसशास्त्रज्ञ एलियट अ‍ॅरन्सन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी विद्यार्थ्यांना एका प्रश्नमंजूषेच्या उमेदवाराचं ध्वनिमुद्रण ऐकवलं. एका मुद्रणातला उमेदवार अवघड प्रश्नांपैकी ९२ टक्के बरोबर सोडवायचा, दुसऱ्यातला ३० टक्के. काहींना ऐकवलेल्या मुद्रणात शेवटी भांड्यांचा आणि खुर्चीचा आवाज यायचा आणि उमेदवार म्हणायचा, की नव्या सुटावर कॉफी सांडली. हुशार उमेदवार कॉफी सांडल्यावर ऐकणाऱ्यांना अधिक आवडला. बेताच्या उमेदवाराकडून तीच कॉफी सांडली, तर तो आणखी नावडता झाला. म्हणजे चूक तीच असली, तरी ती कुणाकडून झाली यावर सगळं फिरलं.

पाथरीच्या बैठकीत ते शेतकरी माईकपाशी यायच्या आधीच लोकांना त्यांचं एकरी उत्पन्न तोंडपाठ होतं. माझ्या भावाला त्या गावात कुणी ओळखत नव्हतं. लोकांना त्याच्याविषयी कळलेली पहिली गोष्ट म्हणजे त्याचा सल्ला चुकला होता.

पण अ‍ॅरन्सन यांचा प्रयोग 'आवडणं' मोजतो आणि कॉफी सांडण्याचा ज्ञानाशी संबंध नाही. बैठकीत प्रश्न भरवशाचा असतो. ऐकणारा मनातल्या मनात दोन वेगळी खाती लिहीत असतो. पहिलं खातं जाणकारीचं, म्हणजे या माणसाला यातलं कळतं का. दुसरं प्रामाणिकपणाचं, म्हणजे कळत असलं तरी हा मला खरं सांगेल का. कबुली या दोन्ही खात्यांवर एकाच वेळी काम करते. दुसऱ्यात जमा करते आणि पहिल्यातून काढते.

दुसऱ्या खात्यात जमा कशी होते, हा मला या सगळ्यातला सर्वांत सुंदर भाग वाटतो, म्हणून थोडं आकड्यांत सांगते. आकडे समजण्यापुरते धरलेले आहेत. समजा, वर्षभरात गावात १०० वक्ते येतात. त्यांतले ५० खरं सांगायला येतात आणि ५० काहीतरी गळ्यात मारायला. चेहऱ्यावरून फरक कळत नाही, म्हणून समोरचा वक्ता खरा असण्याची शक्यता १०० पैकी ५०. आता स्वतःला महागात पडलेली चूक उघड सांगणं विकणाऱ्याला परवडत नाही, त्यामुळे त्या ५० पैकी ५ जणच तसं करतील. खरं सांगायला आलेल्यांपैकी, समजा, २० जण करतील. म्हणजे कबुली देणारे एकूण २५, आणि त्यांत खरे २०. कबुली ऐकल्याबरोबर शक्यता ५० टक्क्यांवरून ८० टक्क्यांवर गेली. ऐकणारा हे गणित कागदावर मांडत नाही, पण 'याला लपवता आलं असतं, तरी यानं सांगितलं' हे त्याला जाणवतं, ते हेच गणित.

यात जोर कबुलीच्या शब्दांत नाही. जोर आहे २० आणि ५ यांच्यातल्या अंतरात. खोट्या माणसाला जी कबुली महाग पडते, तीच ऐकणाऱ्याला काही सांगते. 'माझी एकच चूक, मी लोकांसाठी फार राबतो' असली कबुली कुणालाही फुकटात देता येते. मग विकणाऱ्यांतलेही २० जण ती देतील आणि ४० पैकी २० म्हणजे शक्यता पुन्हा ५०. जिथून निघालो, तिथंच आलो.

हल्ली भाषणकलेच्या शिबिरांत 'सुरुवात आपल्या चुकीनं करा, सभा मुठीत येईल' असं पैसे घेऊन शिकवतात. हा युक्तीचा गवगवा मला घातक वाटतो, कारण युक्ती सर्वांनी उचलली की तो ५ चा आकडा २० कडे सरकतो. कोर्टातल्या बाजू मांडण्यावर झालेले प्रयोग याला धरून आहेत. आपल्या बाजूचा कमकुवत मुद्दा विरोधी वकिलानं काढण्याआधी आपणच सांगितला, तर त्याचा डंख कमी होतो, असं १९९३ मध्ये किपलिंग विल्यम्स आणि सहकाऱ्यांनी दाखवलं होतं. पुढे २००३ च्या अभ्यासात ऐकणाऱ्यांना 'ही वकिलाची चाल आहे' एवढं लक्षात आणून दिलं आणि तो फायदा उरला नाही.

याच गणिताची उलटी बाजू मराठवाड्यात रोज दिसते. बोअर घ्यायच्या आधी तळहातावर नारळ ठेवून पाणी दाखवणारे लोक आमच्याकडे गावोगाव फिरतात. ते लागलेल्या बोअरची नावं घेतात, कोरड्या गेलेल्यांची कधीच नाही. एकूण किती ठिकाणी नारळ उभा राहिला, हे कळल्याशिवाय लागलेल्या दहा बोअरना काही अर्थ नसतो. कर्ज काढून घेतलेली बोअर कोरडी जाते, तेव्हा त्या घरात काय होतं ते मी जवळून पाहिलंय. म्हणून यापुढे कुणी नारळ घेऊन दारात आला, तर त्याला आधी कोरड्या बोअरचा आकडा विचारा.

आता पहिलं खातं, जाणकारीचं. इथं चुकीची जात पाहावी लागते. २००४ मध्ये पीटर किम आणि सहकाऱ्यांनी लोकांना नोकरीच्या मुलाखतीचं चित्रीकरण दाखवलं. हिशेबनीस म्हणून आलेल्या उमेदवारावर आरोप होता, की आधीच्या नोकरीत कराचं विवरण चुकलं. काहींना सांगितलं, की नियम नीट माहीत नव्हते. काहींना सांगितलं, की जाणूनबुजून केलं. न कळण्यातून झालेली चूक कबूल करून माफी मागितली, तर आरोप नाकारण्यापेक्षा भरवसा जास्त सावरला. जाणूनबुजून केल्याच्या आरोपात मात्र नाकारण्यापेक्षा माफीनंच जास्त नुकसान झालं. कारण आपण दोन्ही चुका एकाच तराजूत तोलत नाही. चांगल्या हाताची भाकरीही एखादे दिवशी करपते, तेवढ्यानं कुणी करणारीला स्वयंपाक येत नाही म्हणत नाही. पण दुकानदाराच्या मापात पाप एकदा सापडलं, की पुढची शंभर मापं पुरी भरली तरी नजर काट्यावरच राहते. त्यामुळे 'कंपनीनं पाकीट दिलं म्हणून मी ते बियाणं सुचवलं होतं' ही कबुली कितीही खरी असली, तरी बैठकीच्या सुरुवातीला ती भरवसा मिळवून देणार नाही. ती द्यायला हवीच, पण ज्यांचं नुकसान झालं त्यांच्या दारात जाऊन.

भावाची चूक भाकरीच्या जातीची होती, आणि ती त्यानं भोगलीही होती. उणीव एकच होती. पहिलं खातं रिकामं असताना त्यानं त्यातून काढायला सुरुवात केली. पाथरीच्या शेतकऱ्यांनी आणखी एक गोष्ट केली होती, ती माझ्या नंतर ध्यानात आली. त्यांनी चूक नुसती सांगितली नाही, उलगडली होती. मळणीचा वेग, थप्पी, न केलेली तपासणी, अपुरी ओल. इतक्या बारकाईनं चूक सांगता येणं हाच जाणकारीचा पुरावा असतो. एकीकडून काढलेलं तिथंच परत जमा झालं. भाऊ मात्र 'माझा सल्ला चुकला, मला वाईट वाटलं' एवढ्यावर थांबला होता.

तिसऱ्या बैठकीत त्यानं क्रम बदलला. आल्याबरोबर एक ओलं गोणपाट सतरंजीवर उलगडलं. त्यात दहा-दहाच्या ओळींत १०० दाणे, पाच दिवसांपूर्वी मांडलेले. समोरच्या दोघांना मोजायला लावले. मोड चांगले आलेले ७४ निघाले. ७० च्या वर असतील तर एकरी ३० किलो बी पुरतं आणि पेरणी ७५ ते १०० मिलीमीटर पाऊस झाल्यावरच करायची, हे त्यानं सांगितलं आणि मग म्हणाला, "हे गोणपाट मी तीन वर्षांपूर्वी एकाला मांडायला सांगितलं नाही. पाऊसही मोजला नाही. त्याचं चार एकर गेलं." कुणीतरी विचारलं, "भरपाई?" तो म्हणाला, "दुबार पेरणीचं बी मी दिलं. मजुरी त्याचीच गेली." थोडा वेळ कुणी बोललं नाही. मग प्रश्न सुरू झाले, आणि ते सगळे बियाण्याविषयी होते, त्याच्याविषयी एकही नव्हता.

एका बैठकीवरून काही सिद्ध होत नाही. गाव वेगळं होतं, माणसं वेगळी होती, गोणपाटाचं नवलही असेल. शिवाय असे बहुतेक प्रयोग अमेरिकेतल्या लोकांवर झालेले आहेत. पारावरच्या बैठकीत निम्मे लोक एकमेकांचे सोयरे असतात आणि वक्त्याचं घराणंही बहुधा ठाऊक असतं. तिथं जाणकारीचं खातं वक्ता यायच्या आधीच कुणीतरी भरून किंवा रिकामं करून ठेवलेलं असू शकतं. म्हणून अनोळखी गावात हे गणित जास्त लागू पडेल आणि आपल्या गावात कमी, असं मला वाटतं.

सहाव्या दिवशी भावाला त्या गावातून फोन आला. "सायेब, साठच निघाले. टाकू का नको?" भावानं मोबाइल खांद्यात धरून एका पावतीच्या पाठीमागं मांडलं, ३० गुणिले ७० भागिले ६०. "टाका, पण एकरी पस्तीस किलो. आन् पाऊस मोजल्याबिगर नको."