राधानगरीचे सात दरवाजे आणि दोन बाणांची खूण

२००५ च्या पुरात बातम्या तोंडी पसरत. २०१९ च्या ऑगस्टमध्ये कोल्हापुरात राजाराम बंधाऱ्याजवळ पंचगंगा ५५ फुटांच्या वर गेली आणि तेव्हाचे व्हिडिओ लोकांच्या मोबाईलमध्ये कायमचे राहिले. घरच्या ग्रुपवर ते आजही ‘आत्ताचे’ म्हणून येतात.

त्याच्या वर्षभर आधी, १ जुलै २०१८ रोजी, धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात मुलं पळवणारी टोळी आल्याच्या अफवेवरून जमावाने पाच जणांना ठार मारलं. त्याच महिन्यात व्हॉट्सॲपवर ‘फॉरवर्डेड’ ही खूण आली आणि भारतात एका वेळी पाच चॅटची मर्यादा घालण्यात आली. पुढे ‘अनेकदा फॉरवर्ड केलेला’ अशी दोन बाणांची खूण आली. एप्रिल २०२० पासून असा मेसेज एका वेळी एकाच चॅटला पाठवता येतो.

या दोन बाणांचा अर्थ मात्र बहुतेक घरांत चुकीचा लावला जातो. ‘खोटं आहे’ असं ती खूण सांगत नाही, आणि किती जणांनी पाहिलं हेही मोजत नाही. मूळ पाठवणाऱ्यापासून मेसेज निदान पाच वेळा एकापुढे एक फॉरवर्ड होत आला, एवढंच ती सांगते. आतला मजकूर कंपनीला वाचता येत नाही. कुणी मजकूर कॉपी करून चिकटवला किंवा व्हिडिओ सेव्ह करून नव्याने टाकला, की मोजणी पुन्हा शून्यावर येते. म्हणून बाण नसलेला मेसेज जास्त जपून वाचावा, असं माझं स्पष्ट मत आहे. ‘दादाने स्वतः पाठवलाय’ म्हणून आपण नेमके तिथेच फसतो.

आमच्या आत्याच्या ग्रुपवर जुलैमध्ये असाच एक आला: ‘राधानगरीचे सातही दरवाजे उघडले, एक लाख क्युसेक सुटलं, चिखलीकरांनो निघा’. बाण नव्हते. आत्याने म्हशी सोडायला घेतल्या होत्या. मी आधी हिशेब केला. या धरणाच्या एका स्वयंचलित दरवाज्यातून साधारण १,४२८ क्युसेक पाणी जातं. सातांचे मिळून दहा हजारही भरत नाहीत, मग लाख कुठून येणार? लाखांतले आकडे आपल्याकडे ऐकू येतात ते बहुधा अलमट्टीचे. मग व्हिडिओ थांबवून स्क्रीनशॉट काढला आणि गूगल लेन्सवर टाकला. तीच चौकट २०१९ च्या पोस्टमध्ये सापडली.

तेवढ्यावर थांबून चालत नाही, कारण जुना व्हिडिओ असला म्हणून आजचा धोका खोटा ठरत नाही. हे दरवाजे धरण भरलं की आपोआप उघडतात आणि पातळी उतरली की मिटतात, त्यामुळे सकाळची खरी बातमी संध्याकाळी शिळी झालेली असते. म्हणून तारीख आणि वेळ लिहिलेलं राजाराम बंधाऱ्याचं मापच बघावं लागतं: इशारा ३९ फुटांना, धोका ४३ फुटांना. त्या दुपारी पाणी ३४ फुटांवर होतं. आत्याने म्हशी परत बांधल्या, आणि रात्री आठचं माप आल्याशिवाय झोपायचं नाही असं ठरलं.